परिप्रश्नाची रीत

(मेहरूण येथे महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



महाविद्यालयात नव्याने आलेल्यांना चार उपदेशपर शब्द ऐकवण्याची जी वहिवाट आपल्याकडे पडली आहे तिला अनुसरून मला आज येथे उभे केले आहे. परंतु उपदेशाचा साठा तुमच्या घरी मुबलक असेल असे गृहीत धरून मी एकाच गोष्टीपुरते बोलणार आहे. शाळेतून येथे येताना तुमच्यापैकी बहुतेकांनी एक समज सोबत आणला आहे, तो असा की वडीलधाऱ्याने, शिक्षकाने किंवा छापील पुस्तकाने काही सांगितले असता ‘असे कशावरून?’ म्हणून विचारणे म्हणजे उलट उत्तर देणे होय. हा समज अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. घरात लहानपणी आपल्या कानांवर जे पडते त्यातला पुष्कळसा भाग आज्ञांचा असतो : दिवेलागणीच्या आत घरी ये, गुरांना पाणी दाखव, आत्याच्या पाया पड. आज्ञा पाळली जावी एवढीच तिची अपेक्षा असते, आणि तिचे कारण विचारणारा मुलगा बहुधा काम टाळण्याची सवड शोधत असतो, हे त्याच्या वडिलांना, त्यांनीही आपल्या वेळी तेच केलेले असल्यामुळे, पुरते ठाऊक असते. तेव्हा ते चिडले तर त्यात नवल नाही.

परंतु वर्गात जे सांगितले जाते ते आज्ञेच्या स्वरूपाचे नसते, विधानाच्या स्वरूपाचे असते. अमुक ग्रंथ अमुक शतकात झाला, अमुक खडक अमुक रीतीने बनला, या वाक्यांना तुमच्याकडून काम करून घ्यायचे नाही. त्यांना तुमची संमती हवी आहे. आणि कारण ठाऊक नसताना दिलेली संमती ही कोऱ्या कागदावर केलेल्या सहीच्या योग्यतेची असल्यामुळे, ती मागणाऱ्या सज्जन शिक्षकालाही तिचा काही उपयोग नसतो. आज्ञा आणि विधान यांतला हा भेद ज्याने एकदा ओळखला त्याला कारण केव्हा विचारावे आणि केव्हा मुकाट्याने उठून कामाला लागावे याचा विवेक आपोआप येतो.

आपल्या परंपरेने प्रश्नाला उद्धटांच्या पंगतीत बसवले आहे असे ज्यांना वाटते त्यांनी गीतेचा चौथा अध्याय काढून पाहावा. गुरूपासून ज्ञान कसे मिळवावे हे सांगताना तेथे तीन गोष्टी सांगितल्या आहेत, प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा, आणि त्यांचा क्रम असा लावला आहे की प्रश्नाच्या एका बाजूला नमस्कार आहे व दुसऱ्या बाजूला शुश्रूषा. ज्या गीतेवर विनोबांनी १९३२ साली आपल्या शेजारच्या धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, ती गीता मुळात एका शिष्याने भर रणांगणावर उभ्या केलेल्या शंकांमधून निघाली आहे, हे आपण पारायणाच्या भरात विसरतो. मराठेशाहीतला व्यवहारही पाहा. वतनाचा तंटा गोतापुढे किंवा मजलिशीपुढे आला म्हणजे अग्रवादी आणि पश्चिमवादी यांच्या तकरिरा लिहून घेत, सनदा व खते पाहत, साक्षी घेत, आणि मग जे निवाडपत्र लिहीत त्यात निकालाच्या आधी दोन्ही पक्षांचे म्हणणे आणि पुराव्याचा मजकूर तपशीलवार नमूद करीत. वतन कोणाचे एवढे एका ओळीत सांगून मोकळे होण्याइतकी सत्ता त्या न्यायसभेपाशी होती. तरी ती कारणे लिहून देई, कारण हरलेल्या माणसाकडून यजितखत घ्यायचे तर तो कशामुळे हरला हे त्याला दिसले पाहिजे अशी तिची समजूत होती. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्या माणसाला प्रशासकीय निर्णयाची कारणे सरकारी कार्यालयाने द्यावीत, असे बंधन घातले आहे ते याच समजुतीचे नवे रूप होय.

आता कारण मागितले आणि ते मिळालेही, तर ते बरे की वाईट हे ओळखायचे कसे? येथे मी तुम्हांला तीन कसोट्या देतो. त्यांपैकी पहिल्या दोन माझ्या नव्हेत. गौतमाच्या न्यायसूत्रांत हेत्वाभास म्हणून जे दोष सांगितले आहेत त्यांतून त्या उचलल्या आहेत. आपल्या खानदेशाला हे शास्त्र परके वाटण्याचे कारण नाही, कारण १९१६ साली प्रतापशेठांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढले ते असल्याच विचारासाठी.

पहिली कसोटी मेहरूणच्या माणसाला समजावून सांगणे फार सोपे आहे. येथली बोरे प्रसिद्ध आहेत. एखाद्या पाहुण्याने विचारले की ही बोरे इतरांहून गोड कशावरून, तर आपल्यातला अभिमानी मनुष्य चटकन सांगतो, ‘अहो, मेहरूणची आहेत ना!’ हे उत्तर मोठ्या प्रेमाचे आहे, पण ते कारण नव्हे. कारण मेहरूणचे म्हणून जे असते ते गोड असते हेच तर पाहुण्याला अजून पटवून द्यायचे आहे. जे सिद्ध करायचे तेच वेष पालटून कारणाच्या जागी येऊन बसले, तर त्याला नैयायिक साध्यसम म्हणतात. तेव्हा पहिला प्रश्न हा की, सांगितलेले कारण विधानाहून वेगळे आहे काय, आणि विधान बाजूला ठेवूनही ते स्वतंत्रपणे तपासता येते काय?

बोरांवरून मी तुम्हांला एका मोठ्या माणसाकडे नेतो, कारण कसोट्यांचा खरा कस लहान गोष्टींवर लागत नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा अंत १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी धुळ्यात झाला, आणि त्यांच्या मागे त्यांच्या कागदपत्रांच्या जतनासाठी धुळ्यात जे संशोधन मंडळ उभे राहिले ते अद्याप त्यांचे नाव चालवीत आहे. कारण विचारण्याच्या बाबतीत या पुरुषाइतका निर्भीड मनुष्य मराठीत क्वचितच झाला असेल. १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढून त्यांनी १७५० ते १७६१ या काळातली अस्सल पत्रे छापली, आणि त्यांना जोडलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेत बखरकारांची आणि ग्रँट डफसाहेबाची अशी काही झडती घेतली की, पानिपताची जी हकीकत लोक पिढ्यान्‌पिढ्या गहिवरून वाचत होते तिच्यातली कोणती तारीख आणि कोणता प्रसंग त्या वेळच्या पत्रांपुढे टिकतो हे प्रत्येकाला नव्याने पाहावे लागले. बखर जुनी आहे, रसाळ आहे, वडिलांनी वाचून दाखवलेली आहे, यांतले एकही कारण त्यांना पुरेसे वाटले नाही.

याच राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक पोथी छापली. त्यामागची हकीकत थोडक्यात अशी. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरली जात असताना तिच्यात इतके पाठभेद शिरले की एकनाथांनी शके १५०६ मध्ये ती शुद्ध केली, आणि आपल्या पदरच्या ओव्या कोणी तिच्यात घालू नयेत अशी ताकीदही शेवटी दिली. लक्षात घ्या, एकनाथांच्या भक्तीविषयी कोणाला शंका नाही, आणि तरीही समोरच्या पोथीतली ओवी ज्ञानेश्वरांचीच कशावरून, हा प्रश्न त्यांनी विचारला. प्रचारात राहिली ती मुख्यतः ही एकनाथी परंपरा. राजवाड्यांचे म्हणणे असे पडले की आपल्याला सापडलेली पोथी एकनाथांच्या पूर्वीची आहे. हे विधान लहान नव्हे. ते खरे असेल तर ज्ञानेश्वरांच्या तोंडच्या मराठीच्या आपण एक पायरी जवळ जातो.

आता कारण विचारू. मुख्य कारण हे की या पोथीतली भाषा जुन्या वळणाची आहे; नामांची व क्रियापदांची पुढे लोपलेली रूपे तीत पदोपदी भेटतात, आणि राजवाड्यांनी त्यांचे व्याकरणही लिहिले आहे. पहिली कसोटी लावा. ही रूपे जुनी कशावरून? कोणी म्हणाला की ज्ञानेश्वरांची भाषा अशीच होती आणि ती अशी होती हे या पोथीवरूनच दिसते, तर ते मेहरूणच्या बोरांचेच उत्तर झाले. परंतु येथे त्याहून चांगले उत्तर उपलब्ध आहे. आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला एक शिलालेख आहे; भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्या मठाला दिलेल्या देणग्या त्यात कोरल्या आहेत, आणि संस्कृत मजकुरानंतर शेवटचा भाग त्या वेळच्या मराठीत आहे. दगड एकदा कोरला म्हणजे त्याची दर पिढीला नवी नक्कल होत नाही, म्हणून त्याच्यावरची भाषा कोरणाऱ्याच्या काळचीच राहते. असले लेख आणि महानुभावांचे जुने गद्य यांच्याशी पोथीतली रूपे ताडून पाहिली, तर ती जुनी आहेत हे पोथीच्या बाहेरून ठरते. येथवर राजवाड्यांचे कारण पहिल्या कसोटीला उतरते.

दुसरी कसोटी जरा नाजूक आहे आणि तिच्यापाशी थोडे थांबावे लागेल, कारण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपासून न्यायालयातल्या वादापर्यंत बहुतेक चुका येथे होतात. कारण खरे असू शकते, विधानाहून वेगळेही असू शकते, आणि तरीही ते त्या विधानाचे कारण नसू शकते. कारण ते उलट विधानाच्या शेजारीही तितक्याच ऐटीत बसते. याला सव्यभिचार म्हणतात. तेव्हा प्रश्न असा करायचा की, विधान खोटे असते तरी हे कारण असेच दिसले असते काय? राजवाड्यांच्या पोथीला हा प्रश्न लावताच एक गाठ सुटी होते. भाषा जुनी आहे हे मान्य. पण तिच्यावरून जुने काय ठरते, मजकूर की पोथी? समजा, एकनाथांच्या नंतर शंभर वर्षांनी एखाद्या प्रामाणिक लेखनिकाला एकनाथपूर्व पोथी मिळाली आणि ती त्याने जशीच्या तशी उतरून घेतली, तर त्याच्या नव्या कागदावरही सारी रूपे जुनीच दिसतील. उलट एखाद्या जुन्या लेखनिकाने आपल्या वेळच्या वाचकांना समजावे म्हणून रूपे सोपी केली असतील, तर कागद जुना असूनही भाषा नवी वाटेल. आणि तिसराही संभव आहे. जुनेपणाचे आकर्षण असलेला कोणी पुढच्या काळातला लेखनिक जुनी रूपे मुद्दाम सर्वत्र पेरीत जाईल, जिथे ती मुळात नव्हती तिथेसुद्धा. म्हणजे भाषेचे कारण मजकुराच्या वयाविषयी काही सांगते, पोथीच्या वयाविषयी फार थोडे सांगते, आणि ही दोन वये आपण बोलण्याच्या भरात एक करून टाकतो. हे दाखवून देणाऱ्या विद्यार्थ्याने राजवाड्यांचा अवमान केला काय? मला तर वाटते की त्यांनी बखरींना जो प्रश्न केला तोच त्याने त्यांना केला, आणि वडिलांचे हत्यार वडिलांच्याच हाताखाली शिकून घेतले.

तिसरी कसोटी अशी की, हे विधान चुकीचे असेल तर ते कोठे उघडे पडेल, तेवढी जागा बोलणाऱ्याने मोकळी ठेवली आहे काय? एकनाथांनी ती कशी ठेवली ते पाहा. त्यांनी शके १५०६ एवढेच लिहिले नाही, तर संवत्सराचे नाव तारण असेही लिहिले. संवत्सरे साठ आणि त्यांचे चक्र अखंड चालणारे असल्यामुळे ही जोडी कोणालाही पडताळता येते. शके १९०९ मध्ये, म्हणजे १९८७ साली, प्रभव हे पहिले संवत्सर होते. त्यातून साठाची सात चक्रे, म्हणजे ४२० वर्षे, मागे जा. शके १४८९ येतो, तोही प्रभव. तेथून सतरा वर्षे पुढे मोजली की शके १५०६ येतो, म्हणजे चक्रातले अठरावे संवत्सर. आणि प्रभव, विभव, शुक्ल असे पंचांगातले नाव मोजीत गेलात तर अठराव्या जागी तारण सापडते. ज्याने मागाहून खोटा शक घातला असेल त्याचा पुष्कळदा येथे पाय घसरतो, कारण शक तो सहज बदलतो पण संवत्सराचा हिशेब करायचे विसरतो. जोडी जुळली म्हणून पोथी अस्सल ठरत नाही, कारण नंतरचा लेखनिक हा समाप्तीचा मजकूरही नक्कल करतोच. मात्र जुळली नसती तर विधान तेथेच कोसळले असते.

राजवाड्यांच्या पोथीचे घोडे नेमके येथे अडते. तिचा कागद कोणत्या प्रतीचा होता, शाई कशी होती, अक्षरांचे वळण कोणत्या काळचे होते, मात्रा अक्षराच्या मागे दिली होती की वर, समाप्तीला शक व संवत्सर होते काय आणि ते जुळत होते काय, हे सारे पाहणाऱ्याला ती पोथी हातात हवी. आणि ती आज अभ्यासकांना उपलब्ध नाही. जे आहे ते राजवाड्यांनी छापलेले पुस्तक, आणि त्यांचा शब्द. त्यांचा शब्द मोलाचा आहे हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो, परंतु ज्यांनी आयुष्यभर अस्सल कागद पाहिल्यावाचून कोणाचाही शब्द घेतला नाही त्यांच्याविषयी आपण निराळा नियम केला, तर तो त्यांनाच आवडला नसता.

आता उद्धटपणाविषयी, कारण उद्धटपणा नावाची वस्तू जगात नाहीच असा माझा पक्ष नाही. न्यायशास्त्राने बोलण्याचे तीन प्रकार केले आहेत : सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकावे म्हणून चालतो तो जल्प, आणि स्वतः काहीच न मांडता दुसऱ्याचे मोडीत काढावे म्हणून चालते ती वितंडा. शब्द तिन्हींत तेच असतात. ‘कशावरून?’ हा प्रश्न वादातही येतो आणि वितंडेतही येतो, म्हणून केवळ शब्दांवरून कोणाला उद्धट ठरवता येत नाही. फरक ओळखण्याची एक खूण मात्र आहे, आणि ती तिसऱ्या कसोटीतच दडलेली आहे. विचारणाऱ्याने ती स्वतःला लावली आहे काय ते पाहावे : कोणते उत्तर मिळाले तर तो गप्प बसेल, हे त्याला आधी सांगता येते काय? ज्याला ते सांगता येत नाही त्याला उत्तर नकोच आहे. त्याला चार मित्रांदेखत शिक्षकांची फजिती हवी आहे, आणि त्याच्यावर कोणी चिडले तर मी मध्यस्थीला येणार नाही.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही या कसोट्या घेऊन उद्या शेतात जाल. आपल्याकडे केळीच्या बागेत जन्म काढलेला मनुष्य घडाकडे एक नजर टाकतो आणि सांगतो की हा आज काढायचा, तो आठवडाभर राहू द्यायचा. कारण विचारले तर तो म्हणेल, ‘दिसते की!’ तुम्ही म्हणाल, साध्यसम. घाई करू नका. फळाच्या अंगावरच्या धारदार कडा भरत येऊन गोलाई आली आहे, हे त्याचा डोळा टिपतो, पण ते वाक्यात मांडण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आलेला नसतो. अशा माणसाजवळ कारण असते, फक्त ते बोलीत आलेले नसते. त्याच्याकडून व्याख्या मागण्यापेक्षा त्याने सांगितलेले घड आणि न सांगितलेले घड शेजारी ठेवून पाहावे, आणि गेल्या हंगामात त्याचा अंदाज कितीदा चुकला ते व्यापाऱ्याला विचारावे. कारण तोंडी मिळाले नाही म्हणून विधान खोटे ठरत नाही. ते अजून तपासायचे राहिले एवढेच ठरते.

राजवाड्यांच्या पोथीसंबंधानेही मी तुम्हांला याहून अधिक म्हणू देणार नाही. ती कदाचित त्यांनी सांगितली तेवढीच जुनी असेल. मजकूर जुन्या वळणाचा आहे, हे पाटणच्या दगडाशी ताडून म्हणता येईल. पोथी एकनाथांच्या आधीची होती, यापुढे ‘अनिर्णित’ असा शेरा मारावा लागेल. आणि उद्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर तिची जुळी प्रत सापडली, तर समाप्तीचे पान आधी उघडून शक आणि संवत्सर बोटांवर मोजावे लागतील.